डीबीला आग लागली तर नेमकं काय काय बंद करायचं आणि कुठला सिलिंडर मारायचा?

झेरॉक्सवाला_परभणी
नमस्कार मंडळी. आमचं परभणीत झेरॉक्स स्टेशनरीचं दुकान आहे, शेजारच्या मोबाईलवाल्याच्या डीबीला मागच्या आठवड्यात आग लागली. भर दुपार, दोन एसी चालू, कूलर चालू. आधी काहीतरी जळाल्याचा वास यायला लागला, मग डीबीतून चरचर चरचर आवाज आणि झाकणाच्या वरच्या फटीतून पिवळा जाळ. त्यानं पळत जाऊन त्याच डीबीतला मेन स्विच खाली पाडला, एसी बंद पडले पण जाळ चालूच. मग कुणीतरी जिन्याखाली जाऊन मीटरवरचा मेन पाडला, तरी दुकानातला पंखा आन दोन ट्यूब चालूच आणि डीबीत ठिणग्या पडायल्याच. तेवढ्यात मंगल कार्यालयातून एकजण लाल सिलिंडर घेऊन पळत आला, चहावाल्यानं त्याला दंडाला धरून थांबवलं, म्हणला ह्याच्यात पाणी हाय बाबा. शेवटी बँकेच्या वॉचमननं काळ्या भोंग्याचा सिलिंडर आणून मारला तर विझली, अर्ध्या मिनिटात परत पेटली, परत मारला.
आता मला दोनच गोष्टी पाहिजेत. सगळं बंद केलं तरी करंट कुठून येत होता? आणि आमच्या दुकानात कुठला सिलिंडर ठेवू, दुकानदार सांगायलाय की "सगळ्याला चालणारा घ्या", खरंच असं असतं का?

गुर्जी_बीड
दादा, आरसीसीबी बसवून घ्या, विषय संपला. आजकाल ३० मिलीॲम्पिअरचा येतो, जरा कुठं गडबड झाली की लगेच ट्रिप. त्या मोबाईलवाल्याकडं नसणार, पैज लावतो. आणि सिलिंडर घेताना त्याच्यावर सी लिहिलंय का बघा, ए म्हणजे लाकूड कागद, बी म्हणजे तेल पेट्रोल, सी म्हणजे करंट.

बांधावरचा_हिंगोली
आमच्या गावात तर डीपीला दर उन्हाळ्यात आग लागती. फ्यूजच्या जागी पोरं तार गुंडाळतेत, वरून ऑइल गळतंय. आम्ही लांबून माती फेकतो. लाइनमनला फोन केला तर तो म्हणतो मी दुसऱ्या फीडरवर आहे. सिलिंडर बिलिंडर कोण आणतंय तिथं.

वायरमन_लातूर
@बांधावरचा, भाऊ ते डीबीचं विचारायलेत, घरातली एमसीबीची पेटी, डीपीचं नाही. पण आलाच विषय तर सांगतो, डीपीच्या जवळ जाऊन माती फेकू नका. ११ हजार व्होल्ट आणि तापलेलं तेल, दोन्ही एका जागी. लांब उभं राहून लोकं हटवा, १९१२ ला आणि १०१ ला फोन लावा, तिथं आपलं काम तेवढंच.
आता परभणीकरांचं. दादा तुम्ही इतकं बारीक लिहिलंय की आग कुठून लागली ते इथं बसून सांगता येतंय. वरच्या फटीतून जाळ म्हणजे मेन स्विचच्या वरच्या बाजूला, जिथं मीटरकडून येणारी वायर बसती त्या स्क्रूला लूज होतं. आता हिशोब बघा. दोन दीड टनाचे एसी, कूलर, बाकीचं किरकोळ, समजा २५ ॲम्पिअर चालू होते. मेन ४० चा असला तर तो कशाला पडंल, त्याच्या हिशोबानं सगळं नॉर्मल चाललंय. पण लूज जागी समजा एक दशांश ओहमचा रेझिस्टन्स तयार झाला, तर २५ गुणिले २५ गुणिले ०.१, म्हणजे साठ-बासष्ट वॉट उष्णता, ती पण एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत. रिपेरिंगवाल्याची कैया २५ वॉटची असती, तिनं शिसं वितळतं. इथं तशा दोन-अडीच कैया दुपारभर एकाच स्क्रूला लावून ठेवल्यासारखं झालं. प्लास्टिक वितळणार नाही तर काय होणार.
गुर्जी, म्हणून आरसीसीबी इथं काहीच करत नाही. त्याला गळती लागती, म्हणजे गेलेला करंट आणि आलेला करंट ह्याच्यात फरक पडला पाहिजे. लूज स्क्रूत जेवढा जातो तेवढाच परत येतो. आरसीसीबी शॉकसाठी लावाच, पण त्याच्या भरवशावर आग लागणार नाही असं धरू नका. आणि हा जाळ तर मेनच्याही अलीकडं होता, तिथपर्यंत आरसीसीबीचा संबंधच येत नाही.

झेरॉक्सवाला_परभणी
बरोबर, वायर वरूनच येतीय. पण मेन पाडल्यावर तर करंट थांबला ना? मग जाळ का चालू?

वायरमन_लातूर
मेन पाडला की मेनच्या खालचं मेलं. वरच्या स्क्रूपर्यंत मीटरचा सप्लाय तसाच जिवंत. लोड गेला म्हणून आधीचं तापणं थांबलं असंल, पण तवर प्लास्टिक जळून त्याचा कोळसा झालेला असतो, आणि कोळशातून करंट वाहतो. फेज आणि न्यूट्रलच्या मधल्या जागेत तो कोळसाच वायरचं काम करायला लागतो, तिथंच ठिणगी, तिथंच जाळ. म्हणून पेटलेल्या डीबीतल्या मेनला हात लावायला जाणं हे दोन्हीकडून चुकीचं, हात भाजतो आणि पाहिजे ती जागा बंदही होत नाही. एक पाऊल मागं जायचं, म्हणजे मीटरपाशी जो मेन किंवा कटआउट आहे तो पाडायचा.
मग तुम्ही म्हणताल मीटरचा फ्यूज का नाही गेला. किटकॅटमध्ये कुणीतरी जाड तार भरलेली असणार. आपल्याकडं मे महिन्यात फ्यूज उडायला लागला की लोकं लोड कमी करत नाहीत, तार वाढवतेत.
दुसरा टप्पा, मीटरचा मेन पाडूनही पंखा आणि ट्यूब चालू. हा इन्व्हर्टर आहे. लाईट गेली की तो आपोआप चालू होतो, त्याचं कामच ते. त्याला आग कळत नाही, त्याला एवढंच कळतं की मेन सप्लाय गेला. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये इन्व्हर्टरची आउटपुट वायर परत त्याच डीबीत आणून एक-दोन एमसीबीला देतेत, न्यूट्रल पण तिथंच. म्हणजे मीटर पाडल्या पाडल्या तुम्ही डीबीला दुसऱ्या बाजूनं २३० व्होल्ट दिले. ठिणग्या त्याच्या. सिलिंडर मारल्यावर परत पेटली ते पण बहुतेक त्याच्यानंच, पेटवणारा आतच बसलेला होता.
क्रम असा धरा: मीटरचा मेन, लगेच इन्व्हर्टरचा समोरचा स्विच, तो दाबून धरावा लागतो काही मॉडेलला, डिस्प्ले पूर्ण मालवेपर्यंत. बॅटरीचं टर्मिनल पान्यानं काढायच्या भानगडीत पडू नका त्या गडबडीत, चार्जिंगला असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन येतो आणि तिथं ठिणगी पडली तर डीबीपेक्षा मोठं नाटक होतं. पंखा आणि ट्यूब सगळं थांबलं म्हणजे बंद झालं, हीच खूण. आणि जनरेटर असंल तर तो पण, चेंजओव्हर मधल्या शून्यावर.

स्नेहल_नांदेड
मी हॉस्पिटलमध्ये ॲडमिनला आहे, आमच्याकडे फायरचं ड्रिल होतं म्हणून थोडं सांगते. गुर्जींचं सीचं चूक आहे, सॉरी सर. आपल्याकडच्या सिलिंडरवर सी म्हणजे गॅसची आग, एलपीजी वगैरे. अमेरिकेच्या लेबलवर सी म्हणजे विजेची, इंटरनेटवर तिकडचेच तक्ते फिरतात म्हणून सगळे गोंधळतात. आपल्याकडं विजेच्या आगीला वेगळं अक्षरच नाहीये, त्यामुळे अक्षरावर जाऊ नका, बाटलीवर आत काय भरलंय ते वाचा आणि चालू विजेच्या उपकरणावर वापरता येतो असं लिहिलंय का ते बघा. चहावाल्यानं थांबवलं ते फार बरं केलं, पाण्याचा आणि फोमचा दोन्ही चालू डीबीवर मारायचे नाहीत.
काळ्या भोंग्याचा म्हणजे सीओटू. गॅस असतो, मागं काही उरत नाही, आतली मशीन खराब होत नाही. पण ड्रिलमध्ये बघितलंय, २ किलोवाला आठ-दहा सेकंदांत संपतो, लोक पहिले चार सेकंद छताकडेच मारतात. आणि भोंग्याला हातानं धरायचं नाही, उणे ७८ पर्यंत थंड होतो, कातडी चिकटते. हँडल धरायचं. मीटर-दीड मीटरवरून, जाळाच्या टोकावर नाही, जाळ जिथून निघतोय तिथं.

गुर्जी_बीड
घ्या, शाळेत पोरांना मी हेच सांगत होतो 😀 सुधारतो. पण मग एबीसी पावडरवर सी असतंच ना, ती करंटवर चालते की नाही?

स्नेहल_नांदेड
चालते, पण तिच्यावर सी आहे म्हणून नाही, पावडर करंट वाहून नेत नाही म्हणून. बऱ्याच बाटल्यांवर १००० व्होल्टपर्यंत, १ मीटर अंतरावरून असं लिहिलेलं असतं. लिहिलं नसेल तर ती घेऊच नका.

जालना_मोंढा
पावडरचा अनुभव आमच्या आडतीवर आलाय. आग विझली शंभर टक्के, पण ती पिवळट पावडर काट्याच्या मशीनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, प्रिंटरमध्ये सगळीकडं गेली. आठ दिवस ब्रशनं झाडत होतो, नंतर काट्याचं सर्किट हिरवं पडून बाद झालं. मेकॅनिक म्हणाला ओल लागली की ही पावडर तांब्याला खाते. म्हणून मी म्हणतो इलेक्ट्रिकला सीओटूच. महाग पडतो पण एकदाच.

वायरमन_लातूर
काट्याचं खरंय, ती फॉस्फेटची पावडर असती, दमट हवेत गंजवते. पण "सीओटूच" असं मी म्हणणार नाही, झेरॉक्सच्या दुकानाला तर नाहीच. सीओटू जाळ विझवतो, निखारा विझवत नाही. तो नुसता हवा बाजूला सारतो आणि गॅस उडून गेला की हवा परत आत येती. डीबीच्या शेजारी कागदाच्या रिमा पेटल्या, मागचं प्लायवूड पेटलं, तर सीओटूनं जाळ दिसायचा बंद होईल आणि तुम्ही पाठ वळवली की परत उठंल. पावडर वितळून निखाऱ्यावर थर धरती, तिथं ती कामाची. मोबाईलवाल्याकडं सीओटूनं जमलं कारण पेटलेलं होतं ते फक्त डीबीतलं प्लास्टिक, आणि तेही दोनदा मारावं लागलं.
माझं मत असं की एकच घ्यायचा असंल तर ४ किंवा ६ किलो एबीसी, तो पण डीबीखाली टांगायचा नाही, दाराजवळ टांगायचा. डीबीखाली टांगला तर आणायला जाळाखालीच जावं लागतं. खिसा परवानगी देत असंल तर सोबत ४.५ किलो सीओटू. पण तो आधी दुकानात उचलून बघा. ४.५ हे नुसत्या गॅसचं वजन, बाटली धरून तिप्पट तरी होतंय, काउंटरवर बसणारी पोरगी तो उचलून मारू शकंल का हे बघितल्याशिवाय घेऊ नका.

जालना_मोंढा
तुमचं म्हणणं कळलं पण पन्नास हजाराची मशीन वाचवायला गेलं आणि पावडरनं मारली तर काय फायदा. आमच्यात मी तरी सीओटूच ठेवणार.

वायरमन_लातूर
ठेवा की, तुमच्याकडं सिमेंटच्या भिंतीवर डीबी असंल आणि आजूबाजूला पोती नसतील तर बरोबरच आहे. आडतीवर पोती नसतील असं होत नाही ही गोष्ट वेगळी.

झेरॉक्सवाला_परभणी
मह्या डीबीच्या मागं प्लायच आहे आणि खाली ए-फोरचे बॉक्स. आजच हलवतो बॉक्स. अजून एक विचारायचं होतं, डीबीचं झाकण उघडून मारायचं का बंद ठेवून? वॉचमननं झाकण काठीनं उघडलं होतं.

स्नेहल_नांदेड
आम्हाला ट्रेनरने सांगितलं होतं उघडू नका, उघडलं की हवा आत जाते आणि जाळ तोंडावर येतो. फटीतून मारा.

वायरमन_लातूर
फटीतून मारा हे खरं पण प्लास्टिकचं झाकण वितळून बसलं असंल तर फटच राहत नाही, आत गॅस जातच नाही. सप्लाय सगळीकडून बंद झाल्याची खात्री असंल तर मी बाजूला उभं राहून, समोर नाही, लाकडी काठीनं थोडंसं उघडून मारीन. करंट चालू असताना उघडायचं नाही, आतलं काय लोंबकळायलंय ते दिसत नाही. ह्याच्यावर फायरवाले आणि आमचे लोक नेहमी भांडतेत, तुम्ही भांडणात पडू नका, फटीतून मारा, नाही विझलं तर बाहेर या.

स्नेहल_नांदेड
हो, आणि बाहेर यायचं कधी हे पण ठरवा ना आधी. आमच्याकडं नियम असा, एक सिलिंडर पूर्ण मारून जाळ गेला नाही तर दुसरा शोधत बसायचं नाही. जाळ फॉल्स सिलिंगला लागला तर सिलिंडरला हातच लावायचा नाही. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ असते, घसा आवळतो, दोन-तीन श्वासांत माणूस खोकून बसतो. आणि दरवाजा कायम पाठीमागे पाहिजे. लहान खोलीत सीओटू मारल्यावर तिथं थांबायचं नाही, श्वासाची हवाच कमी झालेली असते.

सोलरवाला_धाराशिव
माझ्या घरी ३ किलोवॅटचं रूफटॉप आहे. मीटरचा मेन पाडला की सोलर आपोआप बंद होतो असं बसवणाऱ्यानं सांगितलंय, म्हणजे मला टेन्शन नाही ना?

वायरमन_लातूर
अर्धं टेन्शन नाही. ग्रीड गेली की सोलरचा इन्व्हर्टर डीबीकडं सप्लाय द्यायचा थांबतो, ते खरं. पण छतावरच्या पॅनेलपासून त्या इन्व्हर्टरपर्यंतची वायर उन असेपर्यंत जिवंतच, पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. डीसी आयसोलेटर असतो, इन्व्हर्टरपाशी, तो फिरवला तरी त्याच्या वरचा तुकडा जिवंत. ती वायर जर डीबीच्या शेजारून खाली आली असंल तर जाळ तिच्यापर्यंत जायच्या आत तुम्ही बाहेर पाहिजेत, आणि फायर ब्रिगेडवाल्याला दारातच सांगायचं की वर सोलर आहे. बॅटरीवाला हायब्रीड असंल तर मात्र तो वरच्या इन्व्हर्टरसारखाच वागतो, मेन गेला की घराला सप्लाय चालू. आपला कोणता आहे ते बसवणाऱ्याला विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

बांधावरचा_हिंगोली
आग लागायच्या आधी काही कळतं का? आमच्या घरी संध्याकाळी पिठाची गिरणी चालू केली की लाईट मंद होते आणि डीबीत भुणभुण होती.

वायरमन_लातूर
भाऊ तुमचं हेच बघा आता. गिरणी चालू होताना क्षणभर लाईट मंद होणं आपल्याकडं व्होल्टेजमुळं पण होतं, त्याचं एवढं नाही. पण डीबीतून आवाज येणं, माशासारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास, एमसीबीच्या तोंडाशी तपकिरी डाग, किंवा तासभर लोड चालल्यावर एकाच एमसीबीचा पुढचा भाग बाकीच्यांपेक्षा गरम लागणं, ह्यातलं एक जरी असलं तर गिरणी लगेच बंद करा. गिरणीच्या स्विचनं बंद करा, डीबीत हात घालू नका. लोड गेला की लूज जागेचं तापणं तिथंच थांबतं. मग मीटरवरून बंद करून वायरमन बोलवा. ॲल्युमिनिअमची वायर असंल तर बहुतेक तिथंच निघंल, ती स्क्रूखाली दबत जाती आणि काही महिन्यांत ढिली होती. नुसता स्क्रू आवळून जाणारा वायरमन नको, वायरचं जळकं टोक कापून लग दाबून परत बसवणारा पाहिजे. डाग पडलेला एमसीबी पण बदलायचाच, त्याची आतली स्प्रिंग भाजलेली असती.

झेरॉक्सवाला_परभणी
सगळं पटलं. आज जिन्याखाली जाऊन बघितलं तर मीटरच्या खोलीला कुलूप. सहा दुकानांचे मीटर आत आणि चावी मालकाकडं, मालक राहतो पुण्याला. त्या दिवशी नशिबानं सफाईवाला आत होता म्हणून उघडं होतं. मालकाला फोन केला तर म्हणतो मीटर चोरी होतेत, कुलूप राहणारच.

गुर्जी_बीड
मग कुलूप राहू द्या पण चावी काचेच्या पेटीत खोलीबाहेर लावा, शाळेत लॅबला आम्ही तसंच केलंय.

जालना_मोंढा
काचेच्या पेटीतली चावी आमच्या मोंढ्यात एक रात्र टिकणार नाही. सहा जणांनी सहा चाव्या करून घ्या आणि आत मीटरवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात ऑइलपेंटनं लिहा. आमच्याकडं गडबडीत दुसऱ्याच गाळ्याचा मेन पाडला होता.

वायरमन_लातूर
नाव लिहाच. तवर तुमच्या दुकानात मीटरची वायर जिथून आत येती तिथं दाराजवळ एक वेगळा डबल पोल आयसोलेटर लोखंडी पेटीत बसवून घ्या, डीबीपासून लांब. मग मीटरच्या खोलीपर्यंत पळायची गरजच नाही. फक्त ती जोडणी लायसन्सवाल्याकडून, मीटर ते पेटी वायर अखंड पाहिजे, मधे टेपचा जोड नको.

झेरॉक्सवाला_परभणी
हे करतो. इन्व्हर्टर काउंटरखाली डब्यांच्या मागं आहे तो पण दारापाशी आणायला सांगतो. सिलिंडरचं एक राहिलं, एबीसीला काटा असतो हिरव्यात बघायचा, सीओटूला काटाच दिसला नाही दुकानात. मग तो भरलेला आहे की नाही कळणार कसं?

स्नेहल_नांदेड
वजनावर. बाटलीवर रिकाम्याचं आणि भरलेल्याचं वजन कोरलेलं असतं, आतला गॅस दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी झाला की रिफिल. म्हणजे ४.५ किलोत साधारण अर्धा किलो घटला की. आमच्याकडे तर स्टोअरच्या काट्यावर दर सहा महिन्यांनी सगळे मोजतो.

सोलरवाला_धाराशिव
ते आगीत टाकायचे गोळे मिळतात ऑनलाइन, डीबीच्या वर बसवून ठेवायचे, जाळ लागला की आपोआप फुटतात म्हणे. कुणी वापरलेत का? वायरमन दादा, बसवू का एक?

वायरमन_लातूर
गिऱ्हाइकानं आणून दिले म्हणून बसवलेत दोन-तीन ठिकाणी, फुटलेला एकही बघितला नाही अजून, त्यामुळं माझ्याकडून हो पण नाही आणि नाही पण नाही. बंद पेटीच्या बाहेर बसवला तर आतल्या जाळापर्यंत पावडर कशी जाणार हा माझा प्रश्न आहे, कुणाचा प्रत्यक्ष फुटला असंल तर लिहा इथं.